आधी सुपरव्हायझर कोण ते सांगा

चेन्नईच्या पेरुंगुडीतल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये आम्ही अकरा जण बसून हे लिहितो आहोत. कुणी पुण्याहून एमएसडब्ल्यू करून आलंय, कुणी मुंबईहून, तर कुणी नागपूर-कोल्हापूरहून मानसशास्त्रात एमए करून. ओएमआरवरच्या आयटी कंपन्यांमध्ये हिंदी-मराठी बोलणारे कर्मचारी भरपूर आहेत, त्यांच्यासाठी समुपदेशक लागतात, म्हणून आम्ही इथे आलो. दोघी शाळेत आहेत, एक जण क्लिनिकमध्ये, बाकीचे कंपन्यांना समुपदेशन पुरवणाऱ्या संस्थांकडे करारावर.

शिकत असताना आम्हाला एक गोष्ट आपोआप मिळत होती. फील्डवर्कचे दोन दिवस झाले की रेकॉर्डिंग लिहायचं, आणि आठवड्यातून एकदा सुपरव्हायझरसमोर आयसीला, म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्सला, बसायचं. समोरचा माणूस रडला तेव्हा तू विषय का बदललास, असं त्या विचारायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत सोडायच्या नाहीत. पदवी हातात पडली आणि हे थांबलं. केस अवघड झाल्या, जबाबदारी वाढली, आणि विचारणारं माणूस मात्र गेलं. आमची चळवळ या एका गोष्टीसाठी आहे. पगाराचं भांडणही आम्ही यातच धरतो. ते का, ते पुढे सांगतो.

आमच्यातल्या एकीची गुरुवारची संध्याकाळ सांगतो (माणूस ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत). शेवटचा स्लॉट. रात्रपाळी करणारा चोवीस वर्षांचा मुलगा चाळीस मिनिटं झोपेबद्दल बोलला आणि उठता उठता म्हणाला, “मी गोळ्या साठवून ठेवल्यात.” तिने त्याला परत बसवलं आणि मॅनेजरला फोन लावला. उत्तर आलं, “रिस्क फॉर्म भरून पाठव, उद्या बघू.” तिने आपल्या बुद्धीने त्याच्या परवानगीने रूममेटला बोलावलं, गोळ्या त्याच्या ताब्यात देववल्या, रात्रीच मनोविकारतज्ज्ञ गाठले आणि टेली-मानसचा 14416 हा नंबर दोघांच्या फोनमध्ये घालून दिला. मुलगा सुखरूप आहे. ती मात्र पुढचे तीन आठवडे नीट झोपली नाही. दुसऱ्या दिवशी एचआरची मेल आली होती: तो कोण होता? तिने नाव दिलं नाही. हे बरोबर केलं, एवढं सांगायलाही तिच्याजवळ कुणी नव्हतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 गोपनीयतेचा हक्क देतो, आणि जिवाला धोका असेल तेव्हा किती व कुणाला सांगायचं याला मर्यादाही घालतो. ती मर्यादा ऐन वेळी एकट्याने ओळखणं नवख्या माणसाला झेपत नाही.

मॅनेजर आणि सुपरव्हायझर यांच्यातला फरक इथे आहे. मॅनेजर विचारतो, किती सेशन्स झाली, किती रेटिंग मिळालं. सुपरव्हायझर विचारते, साधन हाताशी होतं का, दिवस ठरवला होता का, घरी कोण होतं, आणि ते ऐकताना तुझं काय झालं. दोन्ही कामं एकाच माणसाकडे असली की आपण आपली चूक सांगत नाही, कारण तोच पुढे आपलं अप्रेझल करणार असतो. म्हणून नियुक्तिपत्रात ‘सुपरव्हिजन दिलं जाईल’ एवढं वाक्य असून भागत नाही. मुलाखतीतच विचारायचं: त्यांचं नाव काय, त्यांनी स्वतः किती वर्षं केसेस घेतल्या, किती वेळाने भेटतील, तो तास पगारात धरला आहे का, आणि रात्री दहा वाजता फोन कोण उचलतं? मागच्या वेळी अशी केस आली तेव्हा काय केलंत, हाही प्रश्न विचारा. उत्तरात एखादा प्रसंग आला तर व्यवस्था आहे. ‘आमच्याकडे प्रोटोकॉल आहे’ एवढंच आलं तर बहुधा नाही.

शाळेत तर हा शब्दच वेगळ्या अर्थाने चालतो. तिथे सुपरव्हिजन म्हणजे परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारणं, आणि समुपदेशकाला तेही लावतात. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये, सुकदेब साहा प्रकरणात, शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं. जागा निघतील, याचा आनंद आहे. पण मुलीने घरातला लैंगिक अत्याचार सांगितला की पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ‘आधी पालकांशी बोलू’ असा दबाव शाळेतूनच येऊ शकतो. त्या दिवशी शाळेबाहेरचं एक अनुभवी माणूस आपल्या पाठीशी हवं. आठवड्यातून एक दिवस येणाऱ्या, कुणालाच उत्तरदायी नसलेल्या समुपदेशकाला हे पेलणार नाही.

क्लिनिकबद्दल थोडक्यात: आरसीआयची नोंदणी नसताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून सही करायला कुणी सांगितलं, तर आम्ही करणार नाही. नोकरी गेली तरी.

आता पैसे. त्याच मैत्रिणीच्या एका महिन्याचा हिशेब मांडतो. दर सेशनला 500 रुपये, महिन्याला शंभर स्लॉट. ऐकताना पन्नास हजार वाटतात. प्रत्यक्षात बावीस जण आलेच नाहीत, आणि न झालेल्या सेशनचे पैसे नाहीत. उरली 78, म्हणजे 39,000. सुपरव्हिजन तिने पुण्यातल्या एका ज्येष्ठ बाईंकडून स्वतःच्या खर्चाने घेतलं, दोन तासांचे 3,000. हातात 36,000. (दहा टक्के टीडीएस वेगळा, तो रिटर्न भरल्यावर जमेस धरता येतो.) आता तास मोजा. पाऊण तासाचं सेशन आणि पंधरा मिनिटं नोंदी, म्हणजे एक स्लॉट एक तासाचा. माणूस आला नाही तरी ती तिथे बसलेली होतीच. झाले शंभर. त्यात अहवाल, रेफरलचे फोन, त्या गुरुवारसारख्या संध्याकाळी मिळून आणखी वीस. 36,000 भागिले 120, तासाला 300. करारावर असल्याने पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, आजारी पडलं तर तेवढे स्लॉट गेले.

हिशेब असा मांडला की दिसतं, सुपरव्हिजन हा खर्च संस्थेने आपल्या अंगावरून काढून तिच्या पगारात ढकलला आहे. आणि पगार कमी पडला की माणूस सगळ्यात आधी तोच खर्च बंद करतो. तिनेही दोन महिने केला होता. तो गुरुवार त्या दोन महिन्यांतला.

म्हणून आम्ही ठरवलं आहे. पहिली दोन वर्षं आठवड्याला एक तास सुपरव्हिजन, अप्रेझल न करणाऱ्या ज्येष्ठाकडून, कामाच्या वेळेत आणि संस्थेच्या खर्चाने, हे लेखी मिळाल्याशिवाय नवीन नोकरीवर सही करायची नाही. पैसे झालेल्या सेशनचे नव्हे, राखलेल्या स्लॉटचे मागायचे. एकमेकांपासून पगार लपवायचा नाही. ज्यांना घरभाड्यापायी सही करावीच लागेल त्यांना कुणी दोष द्यायचा नाही. त्यांचं सुपरव्हिजन सहा महिने बाकीच्यांनी वर्गणीतून चालवायचं.

दर पंधरा दिवसांनी शनिवारी आम्ही केसेस घेऊन बसू, नावं आणि ओळखीच्या खुणा काढून. पण हे सुपरव्हिजन नव्हे, हे आम्हाला माहीत आहे. अकरा नवखे एकत्र बसून एकच चूक अकरा वेळा करू शकतात. पुण्याच्या बाई व्हिडिओवर उत्तम शिकवतात, पण रात्री इथला कोणता दवाखाना उघडा असतो ते त्यांना ठाऊक नसतं, आणि आमच्यातल्या बहुतेकांना अजून तमिळ येत नाही. तमिळमध्ये दुःख सांगणाऱ्या माणसाला आम्ही दुभाष्यावर निभावून नेणार नाही, तमिळ समुपदेशकाकडे पाठवू. आणि आमच्या सुपरव्हिजनसाठी इथल्याच एका ज्येष्ठ तमिळ समाजकार्यकर्तीला आम्ही गळ घातली आहे. त्या यायला तयार आहेत. त्यांची फी ठरली आहे आणि पहिल्या तीन महिन्यांची जमाही झाली आहे.

येत्या शनिवारी येताना प्रत्येकाने आपलं नियुक्तिपत्र आणायचं, संस्थेचं नाव झाकून. सुपरव्हिजन हा शब्द त्यात कुठे आणि कशासाठी आला आहे, ते आधी वाचून काढू.