सही कशावर झाली, ते आधी पाहा

पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाच्या हद्दीत हिंजवडीतले आयटीवाले आहेत, तसे चाकणच्या कारखान्यांतले कामगारही. फुकट टोकनच्या आमिषाने वॉलेट रिकामं झालेला माणूस सायबर कक्षात येतो आणि सांगतो, "साहेब, मी कुणाला काही पाठवलं नाही. सीड फ्रेजही दिली नाही." आपल्या तपास अधिकाऱ्यांनी आणि वकिलांनी हे बोलणं उडवून लावू नये. ते शब्दशः खरं असू शकतं.

वॉलेट नुसतं जोडल्याने साइटला पत्ता आणि शिल्लक दिसते, पैसे हलत नाहीत. घात होतो पुढच्या सहीत. समजा, चाकणच्या एका कामगाराकडे इथेरियमवर १,२०० यूएसडीसी आहेत. 'क्लेम' दाबल्यावर वॉलेट सही मागतं. गॅस लागत नाही, म्हणून त्याला ती लॉगिनची सही वाटते. पडद्यावर मात्र असं काहीतरी असतं:

```
Permit
spender: 0x...
value: 115792089237316195423570985008687907853269984665640564039457584007913129639935
```

हा आकडा म्हणजे अमर्याद परवानगी. `spender` हा भामट्याचा पत्ता किंवा त्याचं कॉन्ट्रॅक्ट. ती सही घेऊन तो स्वतःच्या गॅसने व्यवहार पाठवतो आणि यूएसडीसी काढून घेतो. म्हणून तक्रारदाराने पाठवलेल्या व्यवहारांत शोधून काहीच सापडत नाही. एक्सप्लोररवर टोकन ट्रान्सफरची यादी उघडा आणि तो व्यवहार कुणी पाठवला ते बघा.

तिथेच दुसरा धागा मिळतो. अशी लूट करण्याची तयार साधनं भाड्याने मिळतात. नोव्हेंबर २०२२ ते नोव्हेंबर २०२३ या काळात 'इन्फर्नो ड्रेनर' या अशाच साधनाने आठ कोटी डॉलरहून अधिक लुटल्याचं ग्रुप-आयबी या सायबर सुरक्षा कंपनीने नोंदवलं आहे. साधन पुरवणारे लुटीतला साधारण वीस टक्के हिस्सा ठेवत. आपल्या उदाहरणात एकाच व्यवहारात ९६० आणि २४० अशा दोन रकमा दोन पत्त्यांवर गेलेल्या दिसल्या, तर दोन्ही पत्ते तक्रारीत नोंदवा. २४० गेलेला, म्हणजे साधन पुरवणाऱ्याचा पत्ता इतर तक्रारींतही निघण्याची शक्यता मोठी असते.

तक्रारदाराला सल्ला देताना एक चूक टाळा. साइट 'डिस्कनेक्ट' केल्याने परवानगी जात नाही. परवानगी रद्द केली, तरी भामट्याने अजून न वापरलेली सही मुदतीपर्यंत चालू शकते, आणि ती साखळीवर कुठे दिसतही नाही. त्यामुळे उरलेली शिल्लक आधी नव्या वॉलेटच्या पत्त्यावर हलवायला सांगा. सीड फ्रेज दिली असेल, तर जुन्या वॉलेटमधला कुठलाच पत्ता सुरक्षित नाही.

१९३० वर तक्रार लगेच व्हावी, पण इथे गोठवायला बँक खातं नसतं. यूएसडीसी त्या पत्त्यावर पडून असेपर्यंत सर्कल कंपनी तो पत्ता गोठवू शकते. चोराने त्याचं इथर करून घेतलं, की ती सोय संपते. मग नजर ठेवायची ती पैसा कुठल्या एक्सचेंजमध्ये शिरतो यावर. म्हणून पहिल्याच जबाबात व्यवहाराचा हॅश, दोन्ही पत्ते आणि साइटचा पूर्ण दुवा घ्या.