साखरेच्या गावातलं रॉकेट

इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत ‘करिअर डे’ला बोलायला गेलो होतो. नववी-दहावीच्या मुलांनी चिठ्ठ्या लिहून दिल्या होत्या. पोलीस भरती, डॉक्टर, एमपीएससी. एका मुलीने लिहिलं होतं, ‘बापू म्हणतात आत्ताच ठरव, नंतर बदलता येत नाही.’

उत्तर जवळच होतं, वालचंदनगरात. वालचंद हिराचंद यांनी कॉलेज अर्धवट सोडलं, सोलापुरात घरचा धंदा पाहिला, मग लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाबरोबर बार्शी लाइट रेल्वेची कंत्राटं घेतली. १९१९ मध्ये जहाजं, पुढे कळंबच्या माळावर, म्हणजे आजच्या वालचंदनगरात, साखर कारखाना, १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना. वरवर या उड्या दिसतात. पण आडरानात माणसं आणि सामान नेऊन काम उभं करायचं, हे ठेकेदारीतलं शिक्षण त्यांना प्रत्येक धंद्यात उपयोगी पडलं. त्यांच्यामागे घरचं भांडवल होतं, हेही मुलांना सांगितलं.

म्हणून मला वालचंदनगरच्या वर्कशॉपची गोष्ट अधिक मोलाची वाटते. साखर कारखान्याला यंत्रं लागतात. ती यंत्रं तिथे बनू लागली, इतर कारखान्यांनाही जाऊ लागली. १९७० च्या दशकापासून इस्रोच्या रॉकेटचं काम आलं. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यातलं घन इंधन ज्या पोलादी नळकांड्यात भरतात, त्याचा व्यास २.८ मीटर. तशी नळकांडी या ऊसपट्ट्यात बनली.

साखरेचं पॅन आणि हे नळकांडं यांत फरक मोठा आहे. नळकांड्याचं पोलाद खास मिश्रधातूचं, चुकीला जागा जवळपास नाही. पण कामाची चाल ओळखीची: पत्रा रोलमधून वाकवायचा, सांधा वेल्ड करायचा, आत भेग राहिली का ते एक्स-रेने बघायचं, मग पाणी भरून दाब द्यायचा. बॉयलरच्या सांध्यावर ज्याचा हात बसला आहे, त्याला इथे नव्याने पुष्कळ शिकावं लागतं, पण पहिलीपासून नाही.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘आयटीआय केलं तर इंजिनिअर होता येतं का?’ येतं. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला, तर पात्रता पाहून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. डिप्लोमानंतर तसाच डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. जागा मर्यादित असतात आणि डिग्रीच्या गणितात या वाटेने आलेली मुलं अडखळतात. त्यामुळे नोकरी करतानाही गणिताची वही बंद करू नका, असं बजावलं.

सगळीच वळणं मात्र परतीची नसतात. बारावी सायन्सवाल्याला बी.कॉम.ला जाता येतं. कॉमर्सवाल्याला बारावीवरून थेट इंजिनिअरिंगच्या डिग्रीला जाता येत नाही. पोलीस भरतीला वयाची अट असते. म्हणून अकरावीचा फॉर्म भरताना ‘मी काय होणार’ यापेक्षा ‘यामुळे कोणतं दार कायमचं लागणार’ हे घरच्यांबरोबर बसून आधी लिहून काढा, असं मी सांगितलं. मुलांनी वह्या उघडल्या आणि पहिला वाद गणित ठेवायचं की नाही यावरच सुरू झाला.