हजार जमा झाले, पण बाकी किती उरली?

‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लावलेल्या दुकानातही गल्ल्याशेजारी एक लांबट वही ठेवलेली दिसते. रोजचं गिऱ्हाईक ‘लिहून ठेवा हं’ म्हणतं आणि आपण लिहितो. तुम्ही किराणा दुकान चालवत असाल, घरून डबे देत असाल किंवा दूध, इस्त्री, फराळाचा व्यवसाय करत असाल, तर ही वही तुमच्याकडेही असेल. आणि ‘पैसे मागायचे कसे?’ हा प्रश्नही असेल.

खरं तर मागण्याची अडचण बहुतेक वेळा वहीतच तयार झालेली असते. म्हणून आधी वहीकडे पाहू.

एका गिऱ्हाइकाला एक पान

दिवसभराची उधारी तारखेप्रमाणे एकाखाली एक लिहिली, की महिनाअखेरीस एका घराचा हिशोब शोधायला दहा पानं उलटावी लागतात. त्यात एखादी नोंद सुटते, एखादी दोनदा धरली जाते. त्यापेक्षा प्रत्येक घराला स्वतंत्र पान द्या. त्यावर पाच रकाने आखा: तारीख, तपशील, उधार, जमा आणि बाकी.

यातला शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच बऱ्याचदा रिकामा राहतो. प्रत्येक नोंदीनंतर बाकी लगेच काढा आणि समोरच्याला वाचून दाखवा: ‘ताई, आजचे साडेतीनशे, एकूण चारशे सत्तर झाले.’ ज्याला आकडा दर वेळी कळतो, त्याला महिनाअखेरीस धक्का बसत नाही. ‘इतके कसे झाले?’ हा वाद इथेच संपतो. सामान न्यायला मुलगा आला असेल तर तपशिलात ‘मुलाकडे दिले’ असं लिहा, आणि पिशवीत आकड्याची चिठ्ठी टाका.

आकडे काय सांगतात

आता एक उदाहरण बघू. समजा, एका घराची जून महिन्याच्या सुरुवातीची बाकी ६४० रुपये आहे. घरात पगार सात तारखेला होतो. पान असं दिसेल:

३ जून: उधार ४८०, बाकी १,१२०
७ जून: जमा १,०००, बाकी १२०
१२ जून: उधार ३५०, बाकी ४७०
२० जून: उधार ६१०, बाकी १,०८०
२८ जून: उधार २७०, बाकी १,३५०
७ जुलै: जमा १,०००, बाकी ३५०
१० जुलै: उधार ५२०, बाकी ८७०
१९ जुलै: उधार ६९०, बाकी १,५६०
२९ जुलै: उधार २४०, बाकी १,८००
७ ऑगस्ट: जमा १,०००, बाकी ८००

वरवर पाहता हे चांगलं गिऱ्हाईक आहे. दर सात तारखेला न चुकता हजार रुपये येतात. पण फक्त पैसे जमा झाल्यानंतरची बाकी बघा: १२०, मग ३५०, मग ८००. सामान दरमहा दीड हजाराच्या आसपास जातंय आणि पैसे हजारच येतात. इथे कुणी फसवत नाही. घरखर्च पगाराच्या पुढे गेला आहे, आणि मधला फरक तुमचं दुकान भरून काढतंय.

महिन्याच्या मधली बाकी कमी-जास्त होणारच, त्याची काळजी नको. पैसे भरल्यावर मागे उरलेली रक्कम सलग दोन महिने वाढली, की बोलायची वेळ आली असं समजा.

हे ८०० रुपये बुडाले तर काय होईल? शंभराच्या विक्रीत तुम्हाला दहा रुपये सुटतात असं धरू. म्हणजे त्या सामानाला तुमच्या खिशातले ७२० रुपये लागले होते. ते भरून काढायला आणखी ७,२०० रुपयांचा माल विकावा लागेल.

बोलायचं कधी आणि काय?

रक्कम लहान असतानाच बोला. ८०० रुपयांवर मोकळेपणाने बोलता येतं; ५,००० झाले की समोरचा माणूस गल्ली बदलून जायला लागतो. मग उधारी तर अडकतेच, वर त्याची रोखीची खरेदीही दुसऱ्या दुकानात जाते.

आठवण पगाराच्या एक-दोन दिवस आधी करा. पंधरा तारखेला मागितलं तर पैसे खर्च होऊन गेलेले असतात, आणि नाही म्हणायला लावून आपणच समोरच्याला ओशाळं करतो. दुकानात इतर माणसं असताना बोलू नका, आणि मुलांकडे निरोप तर मुळीच देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं पुरे: ‘नमस्कार ताई, आजपर्यंतची बाकी १,८०० रुपये आहे. पानाचा फोटो पाठवते आहे. काही फरक वाटला तर सांगा.’ शेवटचं वाक्य वगळू नका. त्यामुळे हा तगादा न वाटता हिशोबाचा मेळ वाटतो.

आपल्या उदाहरणातल्या घराशी सात ऑगस्टला असं बोलता येईल: ‘ताई, मागचे आठशे वेगळे लिहून ठेवू. यापुढे महिन्याला हजारापर्यंत वहीवर घ्या, वरचं रोखीने. सात तारखेला हजाराबरोबर दोनशे जास्त द्या, डिसेंबरपर्यंत जुनं फिटेल.’ दोनशेचे चार हप्ते, सप्टेंबर ते डिसेंबर. मात्र जुनी बाकी खरंच वेगळ्या पानावर घ्या. ती नव्या उधारीत मिसळली, की कमी होतेय की नाही हे दोघांनाही कळत नाही.

एखाद्या महिन्यात हप्ता चुकला तर सामान बंद करू नका, फक्त नवी उधारी थांबवा. रोखीचा दरवाजा उघडा राहिला, की माणूस येत राहतो आणि जुनं फेडायची शक्यताही राहते.

ऑनलाइन आलेले पैसे

हल्ली नवीन गोंधळ इथे होतो. पैसे मोबाइलवरून थेट बँकेत येतात आणि वहीत लिहायचे राहतात. शिवाय खातं ताईंच्या नावाने आणि पैसे पाठवणारा नंबर मुलाचा. मग भरलेल्या पैशांची पुन्हा मागणी जाते, आणि त्याचा राग बराच काळ टिकतो. म्हणून रोज दुकान बंद करताना मोबाइलवरची यादी आणि वही शेजारी ठेवून जमा लिहा. कोणत्या घराचे पैसे कुणाच्या नावाने येतात, ते पानाच्या वरच्या कोपऱ्यात टिपून ठेवा.

मोठी बाकी असेल तर सही

मुदत कायदा, १९६३ नुसार उधार दिलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा करायला साधारण तीन वर्षं मिळतात. फेडीची तारीख ठरली नसेल तर ती माल दिल्यापासून मोजतात. मात्र ही मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने ‘इतकी बाकी मान्य’ असं लिहून सही केली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते.

हजार-दोन हजारासाठी कुणी कोर्टात जात नाही. पण लग्नाच्या ऑर्डरची किंवा कार्यालयातल्या डब्यांची बाकी मोठी असू शकते. अशा खात्यांवर वर्षातून एकदा, दिवाळीला वही बदलताना, बाकीखाली तारीख आणि सही घ्या. एकाच गिऱ्हाइकाकडे सही मागितली तर त्याला अविश्वास वाटेल, म्हणून मोठ्या बाकीच्या सगळ्याच खात्यांवर घ्या.

आज दुकान बंद केल्यावर वहीतली पाच पानं उघडा. प्रत्येकावर शेवटच्या तीन जमा नोंदींवर खूण करा आणि त्यांच्या पुढच्या बाकीचे आकडे एका ओळीत लिहा. ज्या पानावर ते चढत गेले असतील, त्या घराशी येत्या पगाराआधी बोला.