दाखला निघाला दुबईला

वडिलांना दुबईत नोकरी लागली की मुलाच्या शाळेतून दाखला काढावा लागतो. तिथली शाळा ट्रान्स्फर सर्टिफिकेट मागते. आपल्या मराठी शाळेत मिळतो तो ‘शाळा सोडल्याचा दाखला’, आणि तोच ट्रान्स्फर सर्टिफिकेट म्हणूनही चालतो. प्रश्न वेगळाच आहे.

दाखल्यावर धर्म असतो, जात असते, पोटजात असते. प्रगती ‘चांगली’, वर्तणूक ‘चांगली’. (या दोन रकान्यांत दुसरे काही लिहिलेले आम्ही तरी पाहिलेले नाही.) दुबईसाठी दाखल्याचा इंग्रजी अनुवाद करावा लागतो आणि अनुवादकाला यातले काहीही गाळता येत नाही, त्यामुळे दुबईतल्या प्रवेश कारकुनाला मुलाची पोटजात व्यवस्थित इंग्रजीत कळते. त्याला कळायला हवे असते एवढेच, की मुलगा सातवी पास होऊन आठवीला पात्र ठरला का. नेमका हा रकाना आपल्या नमुन्यात नाही. ‘कोणत्या इयत्तेत शिकत होता व केव्हापासून’ असा आहे, आणि त्यापुढे लिहिलेले असते, ‘सातवी, जून 2024 पासून’. शिकत होता हे कळले. पास झाला का, ते गुलदस्त्यात.

मग पालक अनुवादकाला गळ घालतात, ‘साहेब, एवढं “पास, आठवीस पात्र” घालून द्या की.’ साहेबांनी ते घातले तर मूळ आणि अनुवाद शेजारी ठेवताच पितळ उघडे पडते. शिवाय दाखल्याच्या तळाशी छापलेले असते की अनधिकृत बदल केल्यास कायदेशीर कारवाई होईल. तेही वाक्य साहेबांनाच इंग्रजीत लिहायचे असते.

ही ओळ लिहिण्याचा अधिकार मुख्याध्यापकांचा, आणि तिची जागा ‘शेरा’ या शेवटच्या रकान्यात. दाखला हाती घेण्याआधीच जनरल रजिस्टर पाहून ती लिहून घ्यावी. एकदा शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी झाली, पुढे परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीच्या वकिलातीचे शिक्के बसले, की त्या कागदावर मुख्याध्यापकांनाही पेन टेकवता येत नाही. सगळी वारी पुन्हा पहिल्यापासून. इंग्रजी अनुवाद करून घेताना मराठी शिक्क्यांतला मजकूरही त्यात यायला हवा. सोबत मुलाच्या पासपोर्टची प्रत द्यावी, कारण ज्ञानेशचे स्पेलिंग ‘डी’ने की ‘जी’ने, हे मराठी दाखल्यावरून कोणालाच ठरवता येत नाही.

शेऱ्याचीही एक अडचण आहे. दुबईतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात आणि आपला वार्षिक निकाल लागतो महाराष्ट्र दिनाच्या आसपास. मार्चअखेरीस दाखला मागायला आलेल्या पालकांना मुख्याध्यापक कितीही भले असले तरी ‘सातवीत शिकत होता’ यापलीकडे काही लिहून देऊ शकत नाहीत.