बँकेचा नंबर म्हणून चोराचा नंबर



उसाचे बिल जमा झाले का, हे पाहायला पूर्वी तालुक्याला बँकेत जावे लागे. आता घरबसल्या मोबाईलवर दिसते. सोय झाली, नाही म्हणत नाही. पण पैसे अडकले की आपण बँकेचा ग्राहक सेवा नंबरही मोबाईलवरच शोधतो आणि पहिला दिसेल तो लावतो. ही सवय मोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१८ साली बँक ऑफ इंडियाने महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे तक्रारी केल्या होत्या. गुगल मॅप्सवर बँकेच्या शाखांपुढचा फोन नंबर बदलून कुणीतरी स्वतःचा नंबर टाकला होता. शाखेचे नाव खरे, पत्ता खरा, नंबर तेवढा चोराचा! त्यासाठी कुणाला संगणक फोडावा लागला नाही. नकाशावरील माहितीत दुरुस्ती सुचवण्याची सोय कुणालाही खुली असते. ग्रामपंचायतीच्या फळ्याशेजारी खडू ठेवावा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने लिहून जावे, तशातला प्रकार. तपासणी होते, पण चुकीचे लिहिलेले पुसले जाईपर्यंत चार जण तो नंबर लावून मोकळे झालेले असतात. शिवाय शोधात वर दिसणाऱ्या काही ओळी पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात, आणि बँकेच्या नावाचे हुबेहूब खोटे पानही बनवता येते. सांगायचे एवढेच, की वर दिसला म्हणून नंबर बँकेचा ठरत नाही.

आता पुढे काय होते ते ऐका. आमच्या शिवारातल्या एका सभासदाचे बिल जमा झाले, पण मोबाईलवरून खत दुकानदाराला पैसे जाईनात. त्यांनी नंबर शोधून लावला. समोरचा मोठा अदबीने बोलला, "काका, केवायसी राहिलीय, दोन मिनिटांत करून देतो." त्याने आधी एनीडेस्क नावाचे ॲप घ्यायला लावले आणि त्यावर आलेला आकडा विचारून घेतला. मग एक फॉर्म पाठवला. त्यात एटीएम कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे भरायचे होते. काकांनी भरले. फोन चालूच होता, आणि तेवढ्यात तीन वेळा मिळून अठ्ठेचाळीस हजार रुपये गेले.

काका आजही शपथेवर सांगतात, "मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही." ते खरेच आहे. मेख इथेच आहे बरं का. एनीडेस्क हे मुळात चोरीचे ॲप नव्हे. दूरच्या माणसाला आपला मोबाईल दिसावा, म्हणजे बिघाड दुरुस्त करता यावा, यासाठी ते बनवलेले आहे. पण तो आकडा देऊन परवानगी दिली, की आपल्या पडद्यावर उमटणारा ओटीपीचा संदेश त्यालाही दिसतो. मग सांगायची गरजच काय उरली? रिझर्व्ह बँकेने ह्या ॲपच्या अशा वापराबद्दल फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते.

खोटा माणूस ओळखायचा कसा? आवाजावरून ओळखू येत नाही. मागणीवरून ओळखू येतो. पडदा दाखवणारे ॲप घ्या, पैसे परत मिळवण्यासाठी पिन टाका, असे कुणी म्हणाला की फोन ठेवावा. पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी लागत नाही. नंबर हवा असेल तर एटीएम कार्डाच्या मागे छापलेला असतो, पासबुकावरही सापडतो. नाही तर शाखेत जावे. १८०० ने सुरू होणारा दिसला म्हणूनही निर्धास्त राहू नये, कारण तो कुठे लिहिलेला सापडला हे महत्त्वाचे.

पैसे गेलेच तर लाजेपायी गप्प बसू नये. काका दोन दिवस घरात बोलले नाहीत, तोच घात झाला. आधी मोबाईलचे इंटरनेट बंद करून ते ॲप काढावे आणि लगेच १९३० ला फोन लावावा. कोणत्या खात्यातून, किती वाजता, किती रक्कम गेली आणि व्यवहाराचा क्रमांक काय, हे सांगावे लागते. पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते अजून असतील तर अडवून ठेवता येतात. चोर ते तासाभरातही काढून घेतो किंवा पुढच्या खात्यात ढकलतो, म्हणून घाई. cybercrime.gov.in वरही तक्रार नोंदवता येते.

बँकेलाही त्याच वेळी कळवून पोचपावती घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे, खातेदाराने स्वतः माहिती दिल्यामुळे नुकसान झाले, तर कळवण्यापूर्वी गेलेले पैसे खातेदाराचे गेले. कळवल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी मात्र बँकेवर येते. काकांचे सगळे कळवण्याआधीच गेले होते. आणि खत दुकानदाराला पैसे का जात नव्हते, म्हणाल, तर त्या दिवशी बँकेची यंत्रणाच दोन तास बंद होती.