चौकटीतले प्रमाणपत्र आणि चालू नोंदवही

सांगलीच्या हळद बाजारातील एक व्यवहार डोळ्यांपुढे आणू. वयोमानामुळे दुकान आवरते घेणारे एक वृद्ध व्यापारी हळद पुडीचा आपला छाप दुसऱ्या पेढीला विकू पाहतात. छापाला गिऱ्हाईक आहे, म्हणून यंत्रे आणि माल यांच्या किमतीखेरीज नावाचीही किंमत ठरते. पुरावा म्हणून भिंतीवरील चौकटीतले व्यापारचिन्हाचे नोंदणी प्रमाणपत्र काढून समोर ठेवले जाते. त्यावर शासकीय मुद्रा आहे, क्रमांक आहे आणि खाली 20 नोव्हेंबर 2018 ही तारीख आहे. दहा वर्षांची मुदत म्हणजे 2028 पर्यंत चिंता नाही, असे दोन्ही बाजू धरून चालतात. घेणाऱ्या पेढीतील धाकटे भागीदार मात्र सही करण्यापूर्वी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचावयास बसतात.

पहिली गोष्ट तारखेची. प्रमाणपत्रावर दोन तारखा असतात. खालची तारीख प्रमाणपत्र दिल्याची आणि वरची अर्ज केल्याची. व्यापारचिन्ह अधिनियम, 1999 प्रमाणे दहा वर्षे मोजली जातात ती अर्जाच्या तारखेपासून. या प्रमाणपत्रावर वरची तारीख आहे 12 जून 2013. आक्षेप, सुनावणी आणि प्रसिद्धी यांत पाच वर्षे गेली, तरी ती मुदतीत वाढवून मिळत नाहीत. म्हणजे नोंदणीची मुदत 2028 मध्ये नव्हे, तर जून 2023 मध्येच पूर्ण झाली होती.

दुसरी गोष्ट वर्गाची. जगातील सर्व माल आणि सेवा नोंदणीसाठी 45 वर्गांत विभागल्या आहेत. पहिले 34 मालाचे, उरलेले 11 सेवांचे. हळद पूड आणि मसाले 30 व्या वर्गात येतात, बेदाणा 29 व्या वर्गात आणि ताजी द्राक्षे 31 व्या वर्गात. या प्रमाणपत्रात वर्ग 30 असून मालाच्या रकान्यात ‘हळद पूड व मसाले’ एवढेच लिहिले आहे. घेणाऱ्यांना याच नावाने तासगावचा बेदाणाही विकावयाचा होता. तो या कागदाच्या कक्षेत नाही; त्यासाठी 29 व्या वर्गात निराळी नोंदणी हवी.

वर्ग एक असला म्हणून त्यातील सर्व मालावर हक्क मिळतो, असेही नाही. कर्नाटक दूध महासंघाच्या ‘नंदिनी’ या चिन्हाविषयीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हे स्पष्ट केले. ‘नंदिनी डिलक्स’ नावाने उपाहारगृहे चालविणाऱ्यांनी खाद्यपदार्थांसाठी नोंदणी मागितली होती आणि महासंघाचा तिला विरोध होता. दोघांचा माल त्याच वर्गांत मोडत असला, तरी केवळ तेवढ्याने संपूर्ण वर्गाची मक्तेदारी मिळत नाही, असे न्यायालयाने म्हटले. दूध व दुग्धजन्य पदार्थ वगळून उपाहारगृहाची नोंदणी मान्य झाली. म्हणून प्रमाणपत्र वाचताना वर्गाच्या आकड्यापेक्षा मालाचा रकाना अधिक लक्षपूर्वक वाचावा.

तिसरी गोष्ट तळाशी बारीक अक्षरांत असते आणि बहुधा चौकटीच्या कडेखाली झाकली जाते. हे प्रमाणपत्र न्यायालयीन कामासाठी वापरावयाचे नाही, असे तेथे छापलेले असते. मालकी किंवा पत्ता बदलल्यास ताबडतोब नोंद करून घ्यावी, अशीही सूचना तेथेच असते. याचा अर्थ व्यापाऱ्यांना सहज उमगेल. प्रमाणपत्र ही एका दिवसाच्या नोंदीची नक्कल आहे. खरे खाते निबंधकाच्या नोंदवहीत चालू असते. जुने पासबुक दाखवून आजची शिल्लक सिद्ध होत नाही, तसेच हे आहे.

ती नोंदवही पाहण्यास कोणालाही मज्जाव नाही. ipindia.gov.in या शासकीय संकेतस्थळावर व्यापारचिन्हांच्या विभागात अर्जाची स्थिती पाहण्याची सोय आहे. तेथे National/IRDI Number हा पर्याय निवडून प्रमाणपत्रावरील क्रमांक घातला की त्या चिन्हाचे पान उघडते. त्यावर मालकाचे नाव, वर्ग, माल आणि वापर केव्हापासून आहे ते दिसते. मुदतीची तारीख Valid upto/ Renewed upto या ओळीत असते आणि सर्वांत वर Status असते. तेथे Registered असेल तर ठीक. पण Removed असेल तर चिन्ह नोंदवहीतून उतरलेले आहे.

धाकट्या भागीदारांना तेथे Removed हाच शब्द दिसला. मुदत संपण्यापूर्वीच्या वर्षभरात टीएम-आर अर्जाने नूतनीकरण करता येते. ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गाला 9,000 रुपये आहे. ते चुकले तर पुढील सहा महिने, म्हणजे येथे डिसेंबर 2023 पर्यंत, 4,500 रुपये अधिभारासह भरता येते. त्यानंतर मुदत संपल्यापासून एक वर्ष होईपर्यंत, म्हणजे जून 2024 पर्यंत, जादा शुल्क देऊन चिन्ह पुन्हा नोंदवहीवर घेण्याची विनंती करता येते. वृद्ध व्यापाऱ्यांच्या हातून हे तिन्ही टप्पे गेले होते. त्यांनी दुकानाची जागा आणि वकील दोन्ही बदलले होते, पण नोंदवहीतील पत्ता जुनाच राहिला होता.

येथे एक मर्यादा ध्यानात ठेवावी. चिन्ह काढून टाकण्यापूर्वी निबंधकाने मालकाला सूचना देणे कायद्याने आवश्यक आहे. अशी सूचना न देता काढलेले चिन्ह ग्राह्य धरता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने सिप्ला कंपनीच्या 2013 च्या प्रकरणात ठरवून उशिराच्या नूतनीकरणास वाट करून दिली. मात्र सूचना जुन्या पत्त्यावर रीतसर पाठविलेली असेल, तर हा आधार घेणे कठीण होते.

मग व्यवहार मोडला का? नाही, त्याचे स्वरूप बदलले. नोंदणी गेली तरी दीर्घ वापराने मिळविलेली पत कायदा ओळखतो. आपला माल त्यांचाच म्हणून विकणाऱ्याविरुद्ध दावा करता येतो. केवळ पुराव्याचे ओझे वाढते आणि जुनी बिले, जाहिराती, वेष्टने जपावी लागतात. म्हणून करारात चिन्हासोबत व्यवसायाची पत आणि ही सर्व कागदपत्रे हस्तांतरित करून घेतली गेली. किंमत कमी झाली. त्यानंतर 29 आणि 30 या दोन्ही वर्गांत नवे अर्ज द्यावयाचे ठरले आणि 30 व्या वर्गात पूर्वीच्या मालकाच्या काळापासूनचा वापर नमूद केला गेला. जुन्या वेष्टनांवरील वर्तुळातील आर ही खूणही काढण्यात आली, कारण नोंदणी नसताना ती असल्याचे दाखविण्यास कायद्याने मनाई असून ते दंडास पात्र आहे.

नवा अर्ज करण्यापूर्वी त्यांनी आणखी एक शोध घेतला. क्रमांक ठाऊक नसेल तेव्हा याच संकेतस्थळावर Public Search मध्ये नावावरून शोधता येते. तेथे Wordmark शोध अक्षरांवर चालतो, तर Phonetic शोध उच्चारावर. ‘सुवर्ण’ हे नाव कोणी Suvarna लिहितो, कोणी Suwarn. एकच स्पेलिंग पाहून जागा रिकामी आहे असे समजणे फसवे ठरते. शोध एका वेळी एकाच वर्गात होतो, म्हणून तो 29 आणि 30 या दोन्ही वर्गांत निरनिराळा घ्यावा लागला.

वृद्ध व्यापाऱ्यांनी ती चौकट अखेर नव्या मालकांच्याच हवाली केली. धाकट्या भागीदारांनी ती भिंतीवर न लावता जुन्या बिलांच्या फायलीत ठेवली, आणि नव्या अर्जांचे क्रमांक व तारखा पेढीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतल्या.