मोसमी पाऊस, दोन आलेख आणि थांबण्याची वेळ

मोसमी पावसाचा अंदाज मशीन लर्निंगने वर्तवणाऱ्या संशोधनाच्या बातम्या आता दर वर्षी येतात. बातमीत बहुधा एकच आकडा असतो : मॉडेल इतके टक्के अचूक ठरले. माझे मत असे की, त्या आकड्यासोबत दोन गोष्टी छापल्या नसतील तर त्यावर विश्वास ठेवू नये. पहिली म्हणजे ट्रेनिंग लॉस आणि व्हॅलिडेशन लॉस यांचे आलेख. दुसरी म्हणजे प्रशिक्षणाची आणि पडताळणीची वर्षे कशी वेगळी केली याची स्पष्ट नोंद. दुसरीविना पहिली दिशाभूल करू शकते, आणि या लेखाचा खरा मुद्दा तोच आहे.

आधी आलेख कसे वाचायचे ते पाहू. भारतीय हवामान विभागाकडे १९०१ पासूनची दैनंदिन पर्जन्याची जाळीबद्ध आकडेवारी आहे. समजा, तिच्या आधारे मागील काही आठवड्यांच्या स्थितीवरून मध्य भारतातील पुढच्या दहा दिवसांच्या पावसाचा अंदाज करणारे एक न्यूरल नेटवर्क आपण घडवीत आहोत. लॉस म्हणजे अंदाज आणि प्रत्यक्ष पाऊस यांतील फरकाच्या वर्गाची सरासरी. ती अशा मापात मांडू की, रोज केवळ त्या तारखेची दीर्घकालीन सरासरी सांगणाऱ्याचा लॉस बरोबर १ येईल. ही मांडणी महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे १ च्या वर गेलेले मॉडेल पंचांगापेक्षाही वाईट, हे आलेखावरच दिसते.

संपूर्ण प्रशिक्षण-संचावरून मॉडेल एकदा फिरले की एक एपॉक पूर्ण होतो. आकडे उदाहरणादाखल घेऊ. दहाव्या एपॉकला ट्रेनिंग लॉस ०.८५ आणि व्हॅलिडेशन लॉस ०.८८ आहे. चोविसाव्याला ते अनुक्रमे ०.७४ आणि ०.८३ होतात. चाळिसाव्याला ट्रेनिंग लॉस ०.५८ पर्यंत उतरतो, पण व्हॅलिडेशन लॉस ०.८७ वर चढलेला असतो. शंभराव्याला पहिला ०.२० वर आणि दुसरा १.०८ वर पोहोचतो. चोविसाव्या एपॉकपर्यंत मॉडेल पावसाची रीत शिकत होते. त्यानंतर ते विशिष्ट वर्षांतील योगायोग पाठ करू लागले. हेच ओव्हरफिटिंग. दोन रेषांत अंतर असणे एवढेच त्याचे लक्षण नव्हे. थोडे अंतर निरोगी मॉडेलातही असते. एक रेषा उतरत असताना दुसरी वळून वर चढू लागते, ते वळण हे खरे लक्षण.

मग थांबायचे कधी? व्हॅलिडेशन लॉस एकदा वाढला म्हणून लगेच थांबणे चूक, कारण ही रेषा दातेरी असते. म्हणून ‘पेशन्स’ ठरवतात : समजा, सलग दहा एपॉक नवा नीचांक आला नाही तर प्रशिक्षण थांबवायचे आणि नीचांकाच्या वेळी जतन केलेले भार परत घ्यायचे. आपल्या उदाहरणात चौतिसाव्या एपॉकला थांबून चोविसाव्याचे मॉडेल हाती येईल.

येथवर सारे पाठ्यपुस्तकी आहे. पाऊस मात्र पाठ्यपुस्तकाप्रमाणे वागत नाही. १ जून ते ३० सप्टेंबर हे १२२ दिवस. १२० वर्षांचे मिळून १४,६४० दिवस. संख्या मोठी दिसते, म्हणून अनेक जण हे दिवस पत्त्यांसारखे पिसतात आणि त्यांतील वीस टक्के पडताळणीसाठी बाजूला काढतात. परिणामी १४ जुलै प्रशिक्षणात आणि त्याच वर्षीचा १५ जुलै पडताळणीत जातो. पावसाचे जोर आणि खंड अनेक दिवस टिकतात. शिवाय दहा दिवसांच्या बेरजेत या दोन तारखांचे नऊ दिवस सामाईक असतात. म्हणजे पडताळणीचे उत्तर प्रशिक्षणातच सांडलेले असते. अशा विभागणीत ट्रेनिंग लॉस ०.३० वर उतरला तर व्हॅलिडेशन लॉसही त्याच्या मागोमाग ०.३४ वर येऊ शकतो. वळण दिसतच नाही, थांबण्याची खूण मिळत नाही, आणि पाठांतराला ज्ञानाचे प्रमाणपत्र मिळते.

उपाय साधा आहे : दिवस नव्हे, सलग वर्षांचे गट वेगळे करावेत. उदाहरणार्थ, १९०१ ते १९८९ प्रशिक्षणाला, १९९१ ते २००५ पडताळणीला, २००७ ते २०२० अंतिम चाचणीला; मधली १९९० आणि २००६ ही वर्षे मोकळी, कारण एल निन्योसारख्या सागरी स्थितीचा प्रभाव एका वर्षातून दुसऱ्या वर्षात उतरतो. अशी विभागणी केली की फुगलेला आकडा खाली येतो, आणि तोच प्रामाणिक आकडा असतो.

तरीही एक मर्यादा उरते. पडताळणीत दिवस हजारावर असले तरी ऋतू पंधराच आहेत, आणि त्यांत २००२ व २००४ ही तुटीची वर्षे आहेत. एकेक वर्ष वगळून व्हॅलिडेशनची रेषा पुन्हा काढून पाहावी. नीचांक कधी अठराव्या, कधी तिसाव्या एपॉकला येत असेल, तर ‘२४’ या संख्येत काही विशेष नाही. तो एक पट्टा आहे, आणि तो तसाच सांगायला हवा. शिवाय थांबण्याची जागा व्हॅलिडेशन पाहून निवडली असल्याने तेथील ०.८३ हा आकडा थोडा अनुकूलच असतो. संशोधकाने त्याच पंधरा वर्षांवर पन्नास रचना पारखल्या तर मॉडेलाऐवजी संशोधकच त्या वर्षांना पाठ करतो. म्हणून जाहीर करायचा आकडा अंतिम चाचणीचा असावा, आणि ती चाचणी एकदाच घ्यावी.

ही काळजी पुस्तकी नाही. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेले सोळा घटकांचे मॉडेल हवामान विभाग १९८८ पासून वापरीत असे. प्रत्येक घटकामागे एक गुणांक आणि एक घातांक, आणि ते ठरवायला हाताशी काही दशकांचेच ऋतू. पुढे अनेक वर्षे त्याचे अंदाज बरे ठरले. २००२ मध्ये त्याने सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला. प्रत्यक्षात सुमारे ८१ टक्के पडला, आणि जुलै तर जवळजवळ अर्धा कोरडा गेला. तो दुष्काळ त्या वेळच्या इतर मॉडेलांनाही दिसला नव्हता, त्यामुळे सारा दोष ओव्हरफिटिंगचा म्हणणे अन्यायाचे होईल. पण काही घटकांचा पावसाशी असलेला संबंध काळाच्या ओघात क्षीण झाला होता, आणि विभागाने पुढच्याच वर्षी आठ व दहा घटकांची आटोपशीर मॉडेले स्वीकारली. आजच्या न्यूरल नेटवर्कमध्ये सोळा नव्हे, लक्षावधी भार असतात. शिकण्यासाठी असलेले ऋतू मात्र सव्वाशेच्या आतबाहेरच राहिले आहेत.

म्हणून विज्ञानविषयक नियतकालिकांकडे आणि निधी देणाऱ्या संस्थांकडे माझी मागणी मर्यादित आहे. पावसाच्या प्रत्येक अशा मॉडेलासोबत तीन ओळी आणि एक आकृती मागावी : कोणती वर्षे कोणत्या गटात होती, प्रशिक्षण कोणत्या नियमाने थांबवले, अंतिम चाचणी किती वेळा घेतली, आणि १ ही पंचांगाची पातळी आखलेले दोन्ही आलेख. विद्यार्थ्यांनीही एखादा शोधनिबंध उघडल्यावर अचूकतेच्या तक्त्याआधी वर्षांच्या विभागणीचा परिच्छेद शोधावा. तो सापडला नाही, तर तक्ता वाचण्याची घाई करण्याचे कारण नाही.